रात्री नऊची मीटिंग कोणाच्या वाट्याला? तीन घड्याळांवरची टीम सांभाळताना

गुहागरात पावसाळ्यात रात्री नऊ म्हणजे जेवणं उरकून, पडवीतला दिवा मालवून आडवं व्हायची वेळ. त्या वेळी मी लॅपटॉपसमोर बसून कोणाला तरी "गुड मॉर्निंग" म्हणतो. आईला अजून त्याचं हसू येतं. "तुझ्या त्या लोकांना एकदा आपल्या वेळेला उठव की," असं ती म्हणते. ती थट्टेत म्हणते, पण टीम हातात आल्यावर पहिले काही महिने मी ते मनावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आमची टीम नऊजणांची. मी गुहागरला, एक सहकारी देवगडला, दोघी पुण्यात, दोघं बर्लिनला आणि तिघं अमेरिकेत सिएटलला. गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. घरबसल्या नोकरी करणारे माझ्यासारखे बरेचजण आता कोकणात आहेत, आणि त्यातल्या काहींवर अचानक "आता टीम तू बघ" अशी वेळ येते. हा लेख त्यांच्यासाठी. सगळं सांगत बसत नाही. मीटिंग कशी फिरवायची, लिहायचं कसं आणि कोणी नकळत बाहेर पडतंय हे ओळखायचं कसं, एवढंच.

आधी घड्याळं मांडा

पहिल्या दिवशी एक कागद घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं गाव, तिथली वेळ आणि तो खरोखर किती ते किती काम करतो हे लिहा. शेवटची गोष्ट विचारूनच कळते. आमच्या बर्लिनच्या एका सहकाऱ्याला सकाळी मुलीला पाळणाघरात सोडायचं असतं, म्हणून त्याचा दिवस साडेनऊला सुरू होतो. देवगडचा सहकारी आंब्याच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, पहाटे पेट्या भरायला बागेत असतो आणि दुपारनंतर काम धरतो. कॅलेंडरमधलं "नऊ ते सहा" यातलं काहीच सांगत नाही.

आता फरक. भारताची वेळ वर्षभर एकच राहते. अमेरिका आणि युरोप मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. त्यामुळे उन्हाळ्यात बर्लिन आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार. सिएटल उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. कागदावर मांडलं की एक गोष्ट लगेच दिसते. आपला नऊ ते सहाचा दिवस आणि सिएटलचा नऊ ते सहाचा दिवस कुठेही, मिनिटभरसुद्धा, एकमेकांवर येत नाही. बर्लिनशी मात्र आपला उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा सांधा आहे. म्हणजे आपण आणि सिएटल एकत्र बोलायचं ठरवलं, तर कोणीतरी आपल्या घरचा वेळ देणारच. प्रश्न एवढाच उरतो की तो कोण देणार, आणि दर वेळी तोच का?

मग मीटिंग फिरवा, पण हिशेब मांडून

मी टीम घेतली तेव्हा सगळ्यांची मिळून आठवड्याला एक मीटिंग होती: बुधवारी भारतात रात्री ९, म्हणजे उन्हाळ्यात बर्लिनला संध्याकाळी ५:३० आणि सिएटलला सकाळी ८:३०. वर्षभर तशीच चालली होती. कोणाची तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं मी धरून चाललो, आणि तिथेच चुकलो.

फिरती वेळ ठरवायला सोपी रीत अशी. प्रत्येक वेळेला त्रासाचे गुण द्या. ज्याच्या घड्याळात मीटिंग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मध्ये सुरू होते, त्याला शून्य. सकाळी ७ ते ८ किंवा संध्याकाळी ७ ते ९ च्या आत असेल तर एक. सकाळी ६ ते ७ किंवा रात्री ९ ते ११ असेल तर दोन. त्यापलीकडे कोणालाही बोलवायचं नाही. हे आकडे काही शास्त्रातले नाहीत. तुमच्या टीमला आठनंतर त्रास होत असेल तर तसे बदला, पण सगळ्यांसमोर बदला.

जुन्या वेळेचा बारा आठवड्यांचा हिशेब असा निघाला: भारतातल्या प्रत्येकाला २४ गुण, बर्लिनला शून्य, सिएटलला शून्य. हा आकडा मी मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला तेव्हा सिएटलचा सहकारी एवढंच म्हणाला, "आम्हाला वाटायचं तुमच्याकडे उशिरापर्यंत काम करायची पद्धतच आहे."

मग दुसरी वेळ शोधली. भारतात सकाळी १०:३० धरली तर बर्लिनला सकाळचे ७ आणि सिएटलला आदल्या दिवशीचे रात्रीचे १०. आपला बुधवार, त्यांचा मंगळवार. निमंत्रणात "बुधवारी" एवढंच लिहिलंत तर पहिल्याच खेपेला कोणीतरी चोवीस तास उशिरा उगवेल. वार नेहमी गावासकट लिहा.

| | भारत | बर्लिन | सिएटल |
|---|---|---|---|
| वेळ अ | बुध. रात्री ९:०० (२) | बुध. सायं. ५:३० (०) | बुध. सकाळी ८:३० (०) |
| वेळ ब | बुध. सकाळी १०:३० (०) | बुध. सकाळी ७:०० (१) | मंगळ. रात्री १०:०० (२) |

एक आठवडा अ, पुढचा आठवडा ब. बारा आठवड्यांनी भारताला १२, बर्लिनला ६, सिएटलला १२. बर्लिन मध्ये असल्यामुळे त्याचं नेहमी थोडं स्वस्तात निघतं, ते मान्य करून टाकायचं.

आता नवे लोक इथे एक गोष्ट विसरतात. बेरीज बघा. आधी एका गावाचे २४ होते, आता तीन गावांचे मिळून ३० झाले. मीटिंग फिरवल्याने त्रास कमी होत नाही, तो वाटला जातो आणि वर थोडा वाढतोसुद्धा. त्रास खरा कमी करायचा तर मीटिंगच कमी करायला हवी. म्हणून आम्ही "मी काल काय केलं" हा भाग मीटिंगमधून काढून लेखी केला आणि आठवड्याची मीटिंग पंधरवड्यावर आणली. बारा आठवड्यांत सहा बैठका, बेरीज १५. बैठकीत फक्त तेवढंच ठेवलं जे लिहून सुटत नाही: मतभेद, योजना, आणि अधूनमधून नुसत्या गप्पा. गप्पांना मी काम समजतो, त्यावर कोणी वाद घालू नये.

माझ्या शेजारच्या मच्छीमाराला ही फिरती वेळ समजावून सांगावी लागली नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याची होडी त्याप्रमाणे निघते. "मग रोज एकाच वेळेला कशी निघणार?" असं त्यानेच मला विचारलं. ऑफिसातल्या लोकांना हे पटायला जास्त वेळ लागतो.

कॅलेंडरमधला खिळा

मीटिंग कॅलेंडरमध्ये टाकताना ती कोणत्या गावाच्या घड्याळाला टांगली आहे हे निवडावं लागतं. बहुतेकजण बघतच नाहीत, आणि ती बनवणाऱ्याच्या घड्याळाला टांगली जाते. आमचा नियम असा की ज्याला ती वेळ सर्वांत जास्त बोचते, त्याच्या घड्याळाला टांगायची. म्हणजे वेळ अ `Asia/Kolkata` ला रात्री ९ आणि वेळ ब `America/Los_Angeles` ला रात्री १०. (यादीत सिएटल शोधत बसू नका, त्या किनाऱ्याची वेळ लॉस एंजेलिसच्या नावाने असते.) या दोन वेगळ्या नोंदी करायच्या, एकच नोंद दर वेळी हाताने सरकवायची नाही.

असं टांगलं की हिवाळा लागल्यावर आपली रात्रीची ९ ही ९ च राहते, सिएटलला मात्र ती सकाळी ७:३० ला येते. सिएटलला टांगली असती तर आपल्याकडे रात्रीचे १० वाजले असते, आणि तेही कोणाला न विचारता.

खरी गंमत मार्चमध्ये होते. अमेरिका घड्याळ बदलते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये ते ८ मार्च आणि २९ मार्च. मधले तीन आठवडे सिएटल उन्हाळ्यात आणि बर्लिन हिवाळ्यात. तेव्हा सिएटलची रात्रीची १० म्हणजे बर्लिनची सकाळी ६ होते, ७ नव्हे. पहिल्या वर्षी बर्लिनचे दोघं काळोखात उठून बसले आणि काही बोलले नाहीत. मला ते नंतर कळलं. शरद ऋतूत असाच एक आठवडा येतो: युरोप २५ ऑक्टोबरला घड्याळ मागे घेतो, अमेरिका १ नोव्हेंबरला. म्हणून हे चार आठवडे मी वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरात लाल करतो आणि त्यांत फक्त वेळ अ ठेवतो.

"हाय" पाठवून थांबू नका

सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला मी सिएटलला लिहिलं, "हाय, एक विचारायचं होतं." तिथे सकाळी साडेआठला, म्हणजे आपल्या रात्री नऊला, उत्तर आलं, "हो, विचार." मी ते मंगळवारी सकाळी दहाला वाचलं आणि प्रश्न विचारला. तोवर तिकडे सोमवारची रात्र झालेली. त्यांनी मंगळवारी सकाळी, आपल्या मंगळवारी रात्री, उत्तर दिलं. माझ्या हाती ते बुधवारी सकाळी पडलं. एका वाक्याच्या प्रश्नाला दोन रात्री गेल्या. पुण्यात शेजारच्या टेबलावर "अरे, एक मिनिट" म्हणायची सवय इथे फार महाग पडते.

पहिल्याच संदेशात सगळं यावं. आम्ही वापरतो तो साचा एका खऱ्या कामावरून दाखवतो, मूळ इंग्रजीत होतं ते मराठीत:

> कोणाकडून काय: सिएटलकडून होकार किंवा हरकत. सिएटल मंगळवार सायं. ५ पर्यंत (भारत बुधवार पहाटे ५:३०).
> काय: गोदामाचा जुना डेटा शनिवारी नव्या सर्व्हरवर हलवायचा. सुरुवात भारत सकाळी ११ (सिएटल शुक्रवार रात्री १०:३०). अंदाजे तीन तास.
> का आता: शनिवारी ग्राहकाचं गोदाम बंद असतं.
> बिघडलं तर: जुना सर्व्हर सोमवारपर्यंत चालूच ठेवतोय, वीस मिनिटांत मागे येता येतं.
> उत्तर आलं नाही तर: हलवणार नाही, पुढच्या शनिवारवर टाकेन.

सगळ्यांत मोलाची ओळ शेवटची. उत्तर न येणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याने आधीच सांगायचं. मागे घेता येईल असं काम असेल, उदाहरणार्थ बटणाचा रंग किंवा अहवालाचा मथळा, तर "उत्तर नाही आलं तर करून टाकतो" असं लिहायला हरकत नाही. ग्राहकाच्या डेटाला हात लागणार असेल तर गप्प राहण्याला होकार मानू नका. समोरचा गप्प नसतो, तो झोपलेला असतो.

मुदत घालताना "२४ तास" हे शब्द मी टीममध्ये बंद केले आहेत. का, ते बघा. सिएटलने शुक्रवारी दुपारी २ ला प्रस्ताव टाकला, "२४ तासांत हरकत कळवा." आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाट, २:३०. मुदत संपते रविवारी पहाटे. देवगडचा सहकारी सोमवारी सकाळी दहाला मशीन उघडतो तेव्हा निर्णय होऊन सव्वा दिवस झालेला असतो, आणि नोंदीत मात्र लिहिलेलं असतं, "कोणाची हरकत आली नाही." कोणी खोटं बोललं नाही, तरी त्याला विचारलंच गेलं नाही. त्याऐवजी आता मुदत अशी असते: प्रत्येक गावाचा एक पूर्ण कामाचा दिवस. वरच्या उदाहरणात ती सिएटलचा सोमवार संपेपर्यंत, म्हणजे आपल्या मंगळवारी सकाळी साडेसहापर्यंत जाते. तीन दिवस उशीर वाटतो खरा, पण त्यातले दोन सुट्टीचेच होते.

कोण बाहेर राहतंय, ते असं शोधा

आता त्या जुन्या रात्री नऊच्या मीटिंगकडे परत येतो. गुणांचा तक्ता नीट झाल्यावरही काहीतरी खटकत होतं. देवगडचा सहकारी बोलतच नव्हता. कॅमेरा बंद, आवाज बंद. "त्याला रस नाही" असं सिएटलहून माझ्या कानावर आलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

एका रविवारी बसून मी मागचे दहा निर्णय वहीत उतरवले. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: मुद्दा कोणी मांडला, निर्णय कोणाच्या बोलण्याने बदलला, आणि तो नक्की कधी पक्का झाला. तिसऱ्या रकान्यातच सगळं कळलं. दहापैकी सहा निर्णय मीटिंग संपल्यानंतर झाले होते. भारतातले चौघं दहाला "गुड नाइट" म्हणून जायचे, बर्लिनवाले घरी निघायचे, आणि सिएटलचे तिघं त्याच लिंकवर बोलत राहायचे. त्यांची तर सकाळ होती. दुसऱ्या दिवशी आम्हाला तयार निर्णय मिळायचा. त्यात कोणाचा डाव नव्हता. उरलेल्या माणसांनी गप्पा चालू ठेवल्या, एवढंच.

मग देवगडला फोन केला. पावसात रात्री लाईट जाते, इन्व्हर्टरवर राउटर चालतो, पण गावातली केबल झाड पडून तुटली की मोबाइलचं नेट धरावं लागतं. कॅमेरा लावला तर आवाज तुटतो. एकदा त्याने बोलायला सुरुवात केली, तीन सेकंदांनी त्याचा आवाज पोचला, तोवर दुसराच विषय सुरू झाला होता. असं दोन-तीनदा झाल्यावर त्याने बोलणं सोडलं. "उगाच मध्ये कशाला," तो म्हणाला. मी त्याच किनाऱ्यावर राहतो, माझीही केबल तुटते, पण मी लीड, म्हणून सगळे माझ्यासाठी थांबत. ते त्याच्यासाठी थांबत नव्हते, हे मला दिसलंच नव्हतं.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. पहिली, मीटिंग संपली की लिंक बंद. ती मी स्वतः बंद करतो. कोणाला पुढे बोलायचं असेल तर बोलावं, पण त्यातून काही ठरलं तर तो प्रस्ताव मानला जातो आणि वरच्या साच्यात लेखी येतो. दुसरी, विषयपत्रिका एक पूर्ण कामाचा दिवस आधी जाते आणि प्रत्येकजण तिच्याखाली आपलं मत आधीच लिहून ठेवतो. बैठकीची सुरुवात ती मतं वाचण्यापासून होते. देवगडच्या सहकाऱ्याचं मत आता तुटक आवाजात येत नाही, सगळ्यांसमोर लिहिलेलं असतं. पहिल्याच महिन्यात गोदामाच्या डेटाबाबतची सर्वांत मोठी चूक त्यानेच आधी दाखवली. तिसरी, कॅमेरा ऐच्छिक. चेहरा दिसला नाही म्हणून लक्ष नाही, हे बोलणं बंद.

मीटिंगचं रेकॉर्डिंग ठेवणं चांगलं, पण त्यावर भिस्त ठेवू नका. एक तासाचं रेकॉर्डिंग बघणाऱ्याला काय ठरलं ते कळतं, पण त्याला मध्ये "थांबा" म्हणता येत नाही. बैठकीनंतर दहा ओळींचं टिपण आणि त्यावर हरकतीची मुदत, हे त्याहून जास्त कामाचं. टिपण लिहायची पाळीही फिरती ठेवा, नाहीतर ते नेहमी त्याच एका बाईच्या गळ्यात पडतं. आमच्याकडे पुण्यातल्या एकीच्या पडलं होतं, आणि त्या तासात ती फक्त लिहीत राहायची.

आणखी एक रकाना मी नंतर वहीत जोडला: नवं, शिकायला मिळेल असं काम कोणाला दिलं. अशी कामं ज्याच्याशी आपण दिवसा बोलतो त्याच्याकडे आपोआप जातात. माझ्याकडून ती पुण्याला आणि बर्लिनला जात होती, सिएटलला नाही. म्हणजे मीही तेच करत होतो, फक्त दिशा उलटी.

तीन महिन्यांनी पुन्हा वही

दर तिमाहीला गुणांची बेरीज आणि दहा निर्णयांची वही, दोन्ही टीमसमोर ठेवा. गुण जुळले आणि निर्णय अजून एकाच गावात होत असतील, तर तक्ता दिखाऊ झालाय. नवा माणूस आला, कोणी गाव बदललं, की वेळा पुन्हा मांडा. सुट्ट्यांची एकच सामायिक यादी करा, आणि तीत आपलेही दिवस न लाजता लिहा. मी आधी शिमग्याची पालखी घरी यायची तेव्हा "नेटवर्क नाही" असं सांगायचो. आता "पालखी आहे" असं लिहितो, आणि सिएटलचे फोटो मागतात.

२०२६ ची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. फिरत्या तक्त्याप्रमाणे त्या बुधवारी वेळ अ येत होती, रात्री ९, म्हणजे ऐन आरतीत. ती बैठक मी काढून टाकली आहे. तीन मुद्दे लेखी जातील, मुदत त्यापुढच्या सोमवारची, आणि भारताचे दोन गुण त्या तिमाहीत कमी धरले आहेत. सिएटलने विचारलं, मग पुढच्या खेपेला वेळ ब आमच्याकडेच का? रास्त प्रश्न आहे, त्यावर अजून लिहिणं चालू आहे.